लिंक्डइनला यातला कुठला फोटो टाकू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागला माझा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी लोक फोटो काढून घ्यायला यायचे, आता बरेच जण काढलेले फोटो दाखवायला येतात. मोबाइल पुढे करतात, पाच-सहा फोटो सरकवतात आणि विचारतात, "यातला कुठला टाकू?" इथले प्रश्न त्या बोलण्यातूनच आले आहेत.

उत्तरं नुसती हवेत राहू नयेत म्हणून एकाच माणसाचे सहा फोटो शेवटपर्यंत सोबत ठेवले आहेत. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतला हा तरुण प्रॉडक्शन इंजिनिअर चाकणला नोकरी बघत होता. त्याला विचारूनच लिहितो आहे, नाव मात्र देत नाही. त्याचे सहा फोटो असे होते: निळ्या पडद्यासमोरचा पासपोर्टचा, चुलतभावाच्या लग्नातला फेटा बांधलेला, आयर्विन पुलावर संध्याकाळी काढलेला सेल्फी, ऑफिसात टेबलाशी बसलेला, घराच्या गॅलरीत बहिणीने काढलेला आणि कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये मित्राने टिपलेला.

सुरुवात कुठून करायची?

आधी बाद करायचं, क्रम नंतर लावायचा. सगळे फोटो एका ओळीत मांडून "पहिला कुठला, दुसरा कुठला" असं करत बसलात तर डोकं गरगरतं, आणि शेवटी ज्या दिवसाची आठवण गोड तो फोटो वर जातो.

बाद करताना मी उजेड आणि मागची जागा बघतो. चेहऱ्याचा मोकळेपणा, म्हणजे या माणसाशी बोलावंसं वाटतं का, हे सगळ्यात शेवटी. मोकळेपणा कमी महत्त्वाचा म्हणून नव्हे. निवड त्याच्यावरच व्हायची आहे, पण तो डोळ्यांत दिसतो आणि डोळे उजेडाशिवाय दिसत नाहीत. अंधारलेल्या चेहऱ्यावर कितीही छान हसू असलं तरी समोरच्यापर्यंत ते पोचतच नाही.

बाद करण्यापूर्वी एक काम करा. फोटो पूर्ण पडद्यावर बघू नका. मोबाइलच्या फोटो गॅलरीतल्या छोट्या चौकोनात, हात लांब करून बघा. लिंक्डइनवर तुमचा फोटो बहुतेक वेळा कमेंटशेजारी किंवा शोधलेल्या नावांच्या यादीत, करंगळीच्या नखाएवढ्या गोलात दिसतो. त्या मापात डोळे कुठे आहेत ते कळत नसेल तर तो फोटो बाजूला ठेवा.

तिन्ही गोष्टींना दहापैकी गुण देऊन बेरीज केली तर?

आमच्या इंजिनिअरने हेच केलं होतं. कागदावर व्यवस्थित तक्ता मांडून आणला होता. लग्नातल्या फोटोला उजेडाचे ७, मोकळेपणाचे ९, मागच्या जागेचे ५, एकूण २१. गॅलरीतल्याला ८, ८ आणि ४, म्हणजे २०. ऑफिसातल्याला ६, ६ आणि ८, म्हणजे तोही २०. लग्नातला पहिला आला.

बेरजेची अडचण अशी की एका बाजूचं कमी दुसऱ्या बाजूने भरून निघतं. फोटोत तसं होत नाही. लग्नातल्या फोटोत त्याच्या डाव्या खांद्यावर मित्राचा हात होता. मित्राला कापून टाकलं तरी चार बोटं खांद्यावर राहिली होती. हसू ९ गुणांचं असलं तरी बघणाऱ्याची नजर पहिली त्या बोटांवर जाते. आणि वरून येणाऱ्या पिवळ्या फोकसमुळे फेट्याची सावली बरोबर डोळ्यांवर पडली होती. त्याला तिथे ७ गुणांचा उजेड दिसला, कारण एकूण फोटो झगमगीत होता. चेहऱ्यावरचा उजेड वेगळा आणि मांडवातला उजेड वेगळा.

ऑफिसातल्या फोटोची गोष्ट तर गंभीरच. मागच्या जागेला त्याने ८ गुण दिले, कारण मागे कॉम्प्युटर होता आणि "कामाचा माणूस वाटतो". फोटो मोठा करून बघितला तर स्क्रीनवर गिऱ्हाईक कंपनीचं ड्रॉइंग उघडं होतं, खालच्या चौकटीतला पार्ट नंबरही वाचता येत होता. असा फोटो किती गुणांचा हा प्रश्नच उरत नाही, तो टाकायचाच नाही. मागे फळा, ड्रॉइंग, रजिस्टर, रुग्णाचे कागद, बँकेचा काउंटर असं काही दिसत असेल तर आधी मोठं करून वाचून बघा.

म्हणून गुण द्यायचेच असतील तर उजेड आणि मागची जागा यांना फक्त "पास" किंवा "नापास" द्या. पास झालेल्यांचा क्रम मोकळेपणावर लावा.

उजेड चांगला आहे हे साध्या माणसाला कसं ओळखता येईल?

तीन ठिकाणी बघा: बुबुळात, नाकाखाली आणि दोन गालांत.

बुबुळात उजेडाचा एक बारीक पांढरा ठिपका दिसला पाहिजे. खिडकीसमोर उभं राहून काढलेल्या फोटोत त्या ठिपक्याला खिडकीचाच आकार असतो, मोठा करून बघा, गंमत वाटेल. हा ठिपका घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी असेल तर उजेड समोरून, थोडा वरून आणि बाजूने येतो आहे, म्हणजे उत्तम. ठिपका नसेलच तर डोळे विझल्यासारखे दिसतात, आणि माणूस थकलेला किंवा तुटक वाटतो.

नाकाखालची सावली सरळ खाली ओठांवर आली असेल तर उजेड डोक्यावरून पडतो आहे. छताच्या ट्यूबखाली असंच होतं आणि भर दुपारी उन्हातही. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सांगलीत दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. त्या वेळी काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. बाहेरून आलेले लोक अंगणात भरपूर ऊन बघून खूश होतात आणि नेमका तिथेच फोटो काढतात.

दोन गालांत थोडा फरक असावा. एक गाल उजळ आणि दुसरा जरासा सावलीत असला की चेहऱ्याला आकार येतो. पण सावलीतल्या बाजूचा डोळा स्पष्ट दिसला पाहिजे. दोन्ही गाल अगदी सारखे असतील तर बहुतेक समोरून फ्लॅश मारलेला असतो. पासपोर्टच्या फोटोत आम्ही तो मुद्दाम मारतो, कारण तिथे ओळख पटवायची असते, सावली नको असते. त्यामुळे चेहरा सपाट होतो. हा त्या फोटोचा दोष नाही, त्याचं कामच वेगळं आहे.

पुलावरचा सेल्फी इथे गेला. मागे कृष्णेवर सूर्य मावळत होता, आभाळ केशरी, पाणी चमकत होतं, आणि चेहरा काळा. "एडिट करून उजळतो" म्हणाला. उजळूनही बघितला. काळ्या भागात कॅमेऱ्याने तपशील टिपलेलाच नसतो, त्यामुळे गालांवर रवाळ ठिपके आले आणि कातडीचा रंग राखेसारखा झाला. सूर्य पाठीशी असलेला फोटो घरच्या अल्बमसाठी ठेवा.

माझा रंग सावळा आहे. फोटोत चेहरा काळपट येतो. फिल्टर लावू का?

लावू नका. चूक तुमच्या रंगाची नाही, कॅमेऱ्याच्या हिशेबाची आहे. फोनचा कॅमेरा समोरचं सगळं दृश्य मिळून मध्यम उजळ करायला बघतो. मागे पांढरीशुभ्र भिंत असली की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, म्हणून तो सगळाच फोटो दाबतो आणि चेहरा आणखी गडद होतो. फोटो काढताना स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेका, शेजारी छोटा सूर्य दिसेल, तो थोडा वर सरकवा. भिंत जराशी फिकट झाली तरी चालेल. त्यापेक्षा सोपं म्हणजे मागे पांढऱ्याऐवजी राखाडी, फिकट निळं किंवा मातकट रंगाचं काहीतरी घ्या.

चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरने डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा पुसल्या जातात. खरं हसू त्याच रेषांत असतं. आणि मुलाखतीला समोर बसल्यावर फोटोतला माणूस आणि खुर्चीतला माणूस वेगळा दिसला, तर पहिलं मिनिट त्यातच जातं.

क्रम लावताना हे लक्षात ठेवा: सहापैकी दोन फोटो फिल्टरचे आणि चार साधे असतील तर तुलना खोटी होते. सगळ्यांच्या मूळ प्रती शोधून काढा आणि मगच बसा.

मोकळेपणा म्हणजे नेमकं काय बघायचं? हसलं की झालं ना?

नाही झालं. ओठ हवे तेव्हा हसवता येतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू सांगून सहसा हलत नाही. ड्युशेन नावाच्या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये हे दाखवलं, आणि मनापासून आलेल्या हसण्याला अजूनही त्याचंच नाव आहे. फोटोत ओळखायचं कसं? फोटोच्या खालच्या अर्ध्यावर, नाकापर्यंत, कागद धरा. नुसते डोळे बघून माणूस हसतो आहे हे कळलं तर हसू खरं. खालच्या पापण्या किंचित वर आलेल्या असतात, डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यात सुरकुती पडते.

पासपोर्टच्या फोटोवर कागद धरला तेव्हा डोळे घाबरल्यासारखे दिसले. ऑफिसातल्या फोटोत ओठ हसत होते आणि डोळे "लवकर काढ रे" म्हणत होते. गॅलरीतल्या फोटोत बहिणीने काहीतरी विचारलं होतं आणि तो उत्तर द्यायच्या बेतात होता. दात दिसत नाहीत, ओठ जेमतेम सुटलेले, पण कागद धरला तरी डोळ्यांत माणूस भेटतो. मोठं हसू लागत नाही. वकील, सीए, शिक्षक यांना तर शांत चेहराच शोभतो, फक्त तो बंद दारासारखा नको.

मानेकडेही बघा. हनुवटी वर उचलली गेली असेल तर नजर खाली येते आणि माणूस ताठा मिरवतो असं वाटतं. खुर्चीवर बसलेल्याचा फोटो उभ्या माणसाने खूप वरून काढला तर उलट होतं, तो लहान आणि दबलेला दिसतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असलेला फोटो क्रमात वर ठेवा.

लोक म्हणतात, माणूस तोच, मग एवढा काय फरक पडणार? खूप पडतो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विलिस आणि टोडोरोव्ह यांच्या २००६ च्या प्रयोगात लोकांनी चेहरा सेकंदाचा दहावा भाग बघून बनवलेलं मत आणि हवा तेवढा वेळ घेऊन बनवलेलं मत बरंचसं जुळलं. पुढे २०१४ मध्ये टोडोरोव्ह आणि पोर्टर यांनी एकाच माणसाचे वेगवेगळे फोटो दाखवले, तेव्हा मतं इतकी बदलली की जणू वेगवेगळी माणसं दाखवली आहेत. चेहरा खरा स्वभाव सांगतो असा याचा अर्थ नाही. मत झटकन बनतं आणि ते कुठला फोटो पुढे केला यावर हलतं, एवढंच. म्हणून तर निवड नीट करायची.

सेल्फी अगदीच चालणार नाही का?

हात जेवढा लांब तेवढंच अंतर, ही सेल्फीची अडचण. जवळून काढल्यावर नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान लांब, त्यामुळे मधला भाग फुगतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशेब मांडून दाखवलं की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरून काढलेल्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. बघणाऱ्याला हे कळत नाही, त्याला फक्त वाटतं की हा माणूस अंगावर आला आहे. मोकळेपणाला ते मारक.

सहापैकी पाच सेल्फी असतील तर क्रम लावण्यात वेळ घालवू नका. कुणाला तरी पाच-सहा फुटांवर उभं करा, फोनमध्ये दुपटीचा झूम असेल तर तो लावा आणि नवा फोटो घ्या.

मागे काय असावं? पांढरी भिंतच हवी का?

मागची जागा दोनच कामं करते: चेहऱ्यापासून नजर पळवत नाही, आणि तुमच्या कामाशी भांडत नाही. पांढरी भिंत चालते, पण तिला टेकून उभं राहिलात तर डोक्यामागे कडक सावली पडते. भिंतीपासून चार-पाच फूट पुढे या.

अजिंक्यतारा, कास, गणपती मंदिराचं आवार या जागा मनाच्या जवळच्या असतात, पण त्या लहानशा गोलात ओळखूच येत नाहीत. उरते फक्त गडबड. पर्यटन किंवा निसर्ग अभ्यासाचं काम करणारा सातारचा माणूस कासच्या फुलांसमोर उभा राहिला तर मात्र ते योग्य आहे. हळदीच्या व्यापाऱ्यामागे मार्केट यार्डातली पोती, मिरजेतल्या सतार बनवणाऱ्या कारागिरामागे भिंतीला टांगलेले भोपळे, हे तर निव्वळ भिंतीपेक्षा कितीतरी चांगलं, फक्त पोती आणि भोपळे मागे, धूसर आणि चेहऱ्यापेक्षा कमी उजळ असावेत.

बाद करण्याआधी एक करून बघा: फोटो गोलात कापा. चौकोनातून गोल कापला की सुमारे एकवीस टक्के भाग जातो, आणि तो सगळा चार कोपऱ्यांतला असतो. आमच्या इंजिनिअरने गॅलरीतल्या फोटोला मागच्या जागेचे ४ गुण का दिले होते, तर वर उजव्या कोपऱ्यात दोरीवर टॉवेल वाळत होता. वाटीने गोल आखून बघितला. टॉवेल गेला, मागे फक्त समोरच्या घराची फिकट पिवळी भिंत राहिली, तीही लांब आणि धूसर. चारचा फोटो एका वाटीने पास झाला.

पोर्ट्रेट मोडने मागचं धूसर केलं तर?

जरूर करा, पण कडा तपासा. कान, चष्म्याची काडी, मोकळे केस, साडीचा खांद्यावरचा काठ इथे फोन चुकतो. अर्धा कान विरघळलेला दिसला तर धूसरपणा कमी करा किंवा मूळ फोटो घ्या. बऱ्याच फोनमध्ये तो नंतरही कमी-जास्त करता येतो.

क्रम मी लावू की घरच्यांना विचारू?

दोघांनीही नको. हे सांगितलं की लोक जरा नाराज होतात, म्हणून कारण सांगतो.

तुम्ही स्वतःचा चेहरा रोज आरशात, म्हणजे उलटा बघता. भांग डावीकडचा उजवीकडे. कॅमेऱ्यातला सरळ चेहरा तुम्हाला थोडा वाकडा वाटतो, आणि ज्या फोटोत तो आरशासारखा दिसतो तो आवडतो. १९७७ सालच्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो जास्त आवडला होता आणि मित्रांना खरा, सरळ. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये थेट आपलाच प्रश्न घेतला: प्रत्येकाचे बारा फोटो, आणि कामाच्या प्रोफाइलला कुठला लावावा. स्वतः निवडलेल्या फोटोंपेक्षा अनोळखी माणसांनी निवडलेल्या फोटोंनी बघणाऱ्यांवर जास्त चांगली छाप पाडली.

घरच्यांचं वेगळं. आईला तुम्ही सगळ्यातच छान दिसता, आणि "यात वाळल्यासारखा दिसतोस" हा तिचा निकष आहे. प्रेम खरं आहे, पण भरती करणाऱ्या मॅडम तुम्हाला त्या नजरेने बघणार नाहीत.

मग विचारायचं कुणाला? तुम्हाला न ओळखणाऱ्या पाच-सात जणांना. मित्राच्या ऑफिसातले, बहिणीच्या कॉलेजातले, शक्य असेल तर तुमच्याच धंद्यातला एखादा जुना माणूस. एका वेळी दोनच फोटो दाखवा, छोट्या मापात, आणि एकच प्रश्न: "कामाची चौकशी करायची तर यातल्या कुठल्या फोटोतल्या माणसाला फोन लावाल?" "कसा दिसतो?" असं विचारलंत तर कपड्यांवर आणि केसांवर चर्चा होते. सहा फोटोंच्या पंधरा जोड्या होतात, कुणीही कंटाळेल. म्हणून तर आधी बाद करायचं. तीन फोटो उरले की जोड्याही तीनच. डावीकडचा फोटो अधूनमधून उजवीकडे करा, काही लोक सवयीने पहिलाच सांगतात.

मग त्या सहा फोटोंचं शेवटी काय झालं?

लग्नातला, पुलावरचा आणि ऑफिसातला बाद. उरले गॅलरीतला, मशीन शॉपमधला आणि पासपोर्टचा. माझा स्वतःचा कल मशीन शॉपकडे होता. मोठं शटर उघडं, त्यातून बाजूने येणारा सुंदर मऊ उजेड, बुबुळात शटरचा चौकोन, मागे धूसर यंत्रं, आणि मित्राशी बोलताना आलेलं खरं हसू. प्रॉडक्शनच्या माणसाला याहून चांगली जागा कुठली?

त्या आठवड्यात स्टुडिओत आलेल्या, त्याला न ओळखणाऱ्या सात जणांना जोड्या दाखवल्या. गॅलरीतला आणि पासपोर्टचा यांत सातही जणांनी गॅलरीतला सांगितला. मशीन शॉपमधला आणि पासपोर्टचा यांत पाच विरुद्ध दोन. गॅलरीतला आणि मशीन शॉपमधला यांत मात्र चार विरुद्ध तीन, म्हणजे जवळजवळ बरोबरी. गॅलरीतला एका मताने पुढे.

त्या सातांत कारखान्यातून निवृत्त झालेले एक सुपरवायझर काका होते. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "मागचं मशीन चालू दिसतंय, आणि ह्याचा गॉगल डोक्यावर?" मला ते महिनाभर दिसलं नसतं. माझ्या दृष्टीने कपाळावर सरकवलेला गॉगल म्हणजे फोटोची शोभा. चाकणच्या प्लांट मॅनेजरला पहिली तीच गोष्ट खुपली असती. शिवाय शॉपमध्ये फोटो काढायला कंपनीची परवानगीही घेतलेली नव्हती. एक मत पुढे असलेला गॅलरीतला फोटो पहिला ठरला. मशीन शॉपमधला दुसरा, तोही परवानगी घेऊन, गॉगल डोळ्यांवर चढवून पुन्हा काढण्याच्या अटीवर. पासपोर्टचा तिसरा.

अगदीच बरोबरी झाली किंवा मतं गोल फिरली तर?

कधीकधी पहिला दुसऱ्यापेक्षा बरा, दुसरा तिसऱ्यापेक्षा आणि तिसरा पहिल्यापेक्षा, असा फेरा पडतो. वैतागू नका. याचा अर्थ तिघांत फारसा फरक नाही. ज्यात बुबुळातला ठिपका जास्त स्पष्ट तो घ्या. पण बरोबरी मोडायला धंद्यातल्या माणसाचं एक मत मिळत असेल तर ते आधी विचारा.

टिकली, नथ, फेटा, साडी यांचं काय?

रोज कामाला जाताना जे घालता ते. शाळेतल्या बाई साडीत असतील तर साडीतच फोटो, बँकेतली मुलगी कुर्त्यात असेल तर कुर्त्यात. नथ आणि फेटा समारंभाचे आहेत, त्यामुळे बघणाऱ्याला फोटो लग्नातला वाटतो. भाड्याचा कोट घालून काढलेला फोटो खांद्यावर लगेच ओळखू येतो. चकाकणारी टिकली किंवा चष्म्याची काच उजेड परत फेकत असेल तर हनुवटी अगदी थोडी खाली घ्या.

फोटोचं माप किती असावं?

निदान ४०० बाय ४०० पिक्सेल, फाइल ८ एमबीच्या आत. गोलात चेहऱ्याने साधारण निम्म्याहून जास्त जागा घ्यावी, खांद्याचा वरचा भाग दिसावा. व्हॉट्सॲपवरून फोटो मागवाल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो दाबून लहान केला जातो. एक फोटो मूळ आणि दुसरा व्हॉट्सॲपने दाबलेला असेल तर क्रम लावताना दाबलेल्यावर अन्याय होतो.

फोटो चढवल्यावर तो कुणाला दिसेल ही सेटिंग बघा. फक्त ओळखीच्यांपुरता ठेवला असेल तर भरती करणाऱ्याला तो दिसणारच नाही.

एकही फोटो पास झाला नाही. घरी कसा काढू?

सकाळी आठ ते दहा, थेट ऊन न येणारी गॅलरी किंवा खिडकी. खिडकीकडे तोंड करून उभे राहा आणि मग अंग थोडं वळवा, म्हणजे उजेड एका गालावर आधी येईल. सावलीतल्या बाजूला कुणाला तरी थर्माकोलचा मोठा तुकडा धरायला सांगा, चेहऱ्यापासून दोन-अडीच फुटांवर, फोटोत येणार नाही असा. थर्माकोल जवळ-लांब करताना सावलीतला डोळा उजळताना स्पष्ट दिसतो. घरातली ट्यूब आणि बल्ब बंद करा, नाहीतर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा होतो. झाडाखाली उभे राहाल तर चेहऱ्यावर हिरवी झाक येते, तीही नको.

फोटो काढणाऱ्याने "स्माइल" म्हणू नये. कामाबद्दल काहीतरी विचारावं आणि उत्तर देताना भराभर वीस-तीस फोटो घ्यावेत. वाक्य संपल्यानंतरच्या क्षणात चेहरा सगळ्यात मोकळा असतो. मग ते सगळे घेऊन पुन्हा वरून सुरू करा: आधी वाटीचा गोल, मग बाद, मग अनोळखी पाच-सात जण.

फोटो कधी बदलायचा?

चेहरा बदलला की. चष्मा लागला, दाढी राखली, केस खूप कमी केले, काम बदललं. आमचा इंजिनिअर परवा दाढी राखून आला होता. फोटोत अजून तुळतुळीत हनुवटी. त्याला तीच गॅलरी आणि तीच सकाळची वेळ सांगितली आहे, फक्त दोरीवरचा टॉवेल आधी काढून ठेवायचा.